दिवाळी सेलचा प्रोमो व्हिडिओ: स्क्रिप्ट, ऑफरच्या मजकुराची वेळ आणि पडद्यावरची तळटीप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही प्रश्नोत्तरे दुकानदार, छोट्या जाहिरात संस्था आणि व्हिडिओ एडिटर यांच्यासाठी आहेत. उदाहरण म्हणून घरगुती उपकरणांचे एक दुकान घेतले आहे: दिवाळीचा सेल, ३० सेकंदांचा आडवा व्हिडिओ आणि त्याच व्हिडिओची मोबाइलसाठी उभी आवृत्ती. दुकान आणि त्यातले आकडे काल्पनिक आहेत, नियम खरे आहेत.

स्क्रिप्ट लिहायला सुरुवात कुठून करायची?

तळटिपेपासून. बहुतेक ठिकाणी आधी घोषवाक्य लिहिले जाते, मग ऑफरची यादी होते, रेकॉर्डिंग उरकते आणि एडिटच्या शेवटच्या रात्री कुणाला तरी "अटी लागू" आठवते. तोवर टिपेसाठी ना जागा उरलेली असते ना वेळ. मग बारीक अक्षरांतल्या चार ओळी दोन सेकंदांत पडद्यावरून पळवल्या जातात.

याचे कारण साध्या गणितात आहे. जाहिरात मानक परिषदेच्या (एएससीआय) मार्गदर्शक सूचनांनुसार एका चौकटीत एकच टीप असावी, ती जास्तीत जास्त दोन पूर्ण ओळींची असावी आणि प्रत्येक ओळीमागे ती ४ सेकंदांपेक्षा जास्त वेळ पडद्यावर राहावी. म्हणजे दोन ओळींच्या टिपेला ८ सेकंदांहून अधिक वेळ लागतो. एका वेळी दुसरी टीप चालत नाही, त्यामुळे हे सेकंद एकापुढे एक मांडावे लागतात. ३० सेकंदांत दोन ओळींच्या टिपा तीनच बसतात, त्याही सुरुवातीला आणि शेवटाला मोकळा श्वास न देता.

आपल्या दुकानाला पाच गोष्टी सांगायच्या आहेत: वॉशिंग मशीनवर सूट, फ्रिजवर मिक्सर मोफत, नो कॉस्ट ईएमआय, जुन्याच्या बदल्यात नवे आणि बँकेचा कॅशबॅक. प्रत्येकाला दोन ओळींची टीप धरली तर नुसत्या टिपांनाच ४० सेकंदांहून जास्त लागतात. म्हणून व्हिडिओत दोनच ऑफर ठेवा. उरलेल्या तीन ऑफर दुकानातल्या फलकावर, पत्रकावर किंवा वेगळ्या व्हिडिओत जाऊ द्या. मालकाला हा हिशेब शूटिंगच्या आधी कागदावर दाखवला की त्यांना तो पटतो. एडिटच्या टेबलावर दाखवला की वाद होतो.

मग ३० सेकंदांची मांडणी नेमकी कशी करायची?

आपल्या उदाहरणात ती अशी बसते.

० ते ४ सेकंद: दारातली रांगोळी, पणत्या, दुकानाचे नाव. आवाज: "दिवाळी आली, घरात नवं काही हवंच!" इथे कोणताही दावा नाही, म्हणून टीपही नाही.

४ ते १३.५ सेकंद: पहिली ऑफर. मोठा मजकूर: "निवडक वॉशिंग मशीनवर ४०% पर्यंत सूट*". आवाज: "निवडक वॉशिंग मशीनवर चाळीस टक्क्यांपर्यंत सूट! आणि घरी आणून, जोडून, चालवून दाखवण्याचे वेगळे पैसे नाहीत." खाली दोन ओळींची टीप.

१३.५ ते २३ सेकंद: दुसरी ऑफर. मोठा मजकूर: "२५० लिटर किंवा त्याहून मोठा फ्रिज घ्या, मिक्सर मोफत*". आवाज: "अडीचशे लिटर किंवा त्याहून मोठा फ्रिज घ्या आणि मिक्सर मोफत घेऊन जा." खाली दोन ओळींची टीप.

२३ ते ३० सेकंद: तारखा, पत्ता, दुकानाचे नाव. खाली एका ओळीची टीप.

ऑफरच्या भागांना साडेनऊ सेकंद का दिले, तर टीप पूर्ण ठळक दिसत असेल तोच वेळ मोजायचा. टीप येताना आणि जाताना अर्धा अर्धा सेकंद फेड असेल तर २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ते १२-१२ फ्रेम धरा. ९.५ सेकंदांतून साधारण एक सेकंद वजा जातो आणि साडेआठ सेकंद उरतात. बरोबर ८ सेकंदांचा क्लिप टाकून त्याला फेड लावला, तर टीप खरोखर वाचता येते सातच सेकंद. ही चूक टाइमलाइनवर दिसत नाही, कारण क्लिपची लांबी तिथे ८ सेकंदच दिसते.

आवाजाला किती शब्द द्यायचे?

३० सेकंदांना साधारण ६० शब्द. मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब होतात आणि आकडे बोलताना आणखी लांबतात. कागदावर "४०%" एवढेसे दिसते, पण तोंडात ते "चाळीस टक्क्यांपर्यंत" होते. म्हणून स्क्रिप्टमध्ये आवाजाचे आकडे अक्षरांतच लिहा आणि स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा. किंमत असेल तर ती कशी बोलायची तेही ठरवून लिहा. "साडेसतरा हजार" आणि "सतरा हजार पाचशे" यांना लागणारा वेळ वेगळा आहे.

शब्द जास्त झाले की निवेदक घाई करतो आणि ही घाई नेमकी अटींवर होते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत याबद्दल स्पष्ट म्हटले आहे: दावा आवाजात केला असेल तर टीप त्या आवाजाशी जुळवून आणि मूळ दाव्याच्याच वेगाने दाखवायची. म्हणजे "मिक्सर मोफत" ऐकू येते त्या वेळी मिक्सरची अट पडद्यावर हवी, शेवटच्या चौकटीत गोळा करून टाकलेली नको.

मोठा मजकूर कधी आणायचा?

आकडा ऐकू येतो त्याच क्षणी. "चाळीस" या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ४०% पूर्ण दिसायला हवे. मजकूर आधी आला तर प्रेक्षक वाचत बसतो आणि आवाज निसटतो. उशिरा आला तर तो ऐकलेले पुन्हा शोधतो. टीप मात्र मोठ्या मजकुरासोबत किंवा त्याच्या किंचित आधी यावी, नंतर नको.

मोठ्या मजकुरात "पर्यंत" आणि "निवडक" हे शब्द आकड्याच्या ओळीतच ठेवा. "४०%" अर्धा पडदा भरून आणि "पर्यंत" त्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढे, ही मांडणी फार दिसते. ग्राहकाची तक्रारही तिथूनच सुरू होते. आकड्याच्या निम्म्या उंचीपेक्षा लहान "पर्यंत" ठेवू नका, हा आमचा ठोकताळा आहे.

तळटिपेत काय लिहायचे? "अटी लागू" पुरेसे नाही का?

नाही. "अटी लागू" वाचून ग्राहकाला काहीच कळत नाही. ज्या अटीमुळे त्याचा दुकानात येण्याचा निर्णय बदलेल ती अट टिपेत हवी. आपल्या दोन टिपा अशा:

"*सूट एमआरपीवर, १२ मॉडेलना लागू. ४०% सूट ४ मॉडेलवर, इतर ८ मॉडेलवर १०% ते ३०%.
४०% सुटीचे एकूण ६० नग. मॉडेलची यादी दुकानात आणि वेबसाइटवर."

"*एका फ्रिजच्या बिलावर ५०० वॅटचा एक मिक्सर. एकूण १५० मिक्सर, साठा असेपर्यंत.
मिक्सरच्या बदल्यात रोख रक्कम किंवा दुसरी वस्तू मिळणार नाही."

प्रत्येक वाक्य एका प्रश्नाचे उत्तर देते: कशावर सूट, किती वस्तूंवर, किती साठा, काय मिळणार नाही. "व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील", "कोणतीही पूर्वसूचना न देता बदल करण्याचा अधिकार राखीव" ही वाक्ये काढून टाका. ती जागा खातात आणि ग्राहकाला उपयोगाचे काही सांगत नाहीत.

साठ्याचा आकडा लिहायला दुकानदार कचरतात. पण ज्या किमतीची जाहिरात केली त्या किमतीत पुरेसा माल मिळेल अशी वाजवी शक्यता हवी आणि साठा मर्यादित असेल तर तसे सांगायला हवे, अशी २०२२ च्या सूचनांतली अपेक्षा आहे. चार मशीन ठेवून गावभर ४०% ची जाहिरात करणे म्हणजे आमिष दाखवणे. त्यापेक्षा ६० नग स्पष्ट लिहिलेले केव्हाही चांगले.

टीप दाव्याच्या उलट असली तर?

मग टीप दुरुस्त करून भागत नाही, दावाच बदलावा लागतो. टीप दावा समजावून सांगू शकते, त्याची हद्द सांगू शकते. मुख्य दावा खोडून काढणे किंवा महत्त्वाची गोष्ट लपवणे हे तिचे काम नाही. "सर्व वस्तूंवर सूट" असे वर लिहून खाली "एसी, टीव्ही आणि मोबाइल वगळून" लिहिले, तर वरचे "सर्व" खोटे ठरते. तिथे वरच "फ्रिज आणि वॉशिंग मशीनवर सूट" लिहा.

पारखायचा सोपा उपाय आहे. टीप झाकून फक्त मोठा मजकूर एखाद्या तिऱ्हाइताला दाखवा आणि त्याला काय समजले ते विचारा. मग टीप दाखवा. "अच्छा, म्हणजे एवढ्यावरच" असे उत्तर आले तर ठीक. "मग हे वर कशाला लिहिलंय?" असे आले तर वरचे वाक्य बदला.

"मोफत" लिहिताना काय सांभाळायचे?

ग्राहकाने ती वस्तू घेण्यासाठी वेगळे पैसे देता कामा नयेत. पोहोचवण्याचा किंवा येऊन घेऊन जाण्याचा अटळ खर्च तेवढा चालतो. पॅकिंग, हाताळणी, नोंदणी अशा नावांनी शंभर-दोनशे रुपये घेतले तर ते मोफत राहत नाही. मिक्सरची किंमत वसूल करण्यासाठी फ्रिजची किंमत वाढवणेही चालत नाही. तोच फ्रिज सेलच्या आधी काय भावाने विकला त्याची बिले फाइलला लावून ठेवा. विचारणा झाली तर तोच पुरावा उपयोगी पडतो.

पहिल्या ऑफरच्या आवाजात "जोडून देण्याचे वेगळे पैसे नाहीत" हे वाक्य आहे. तेही खरे हवे. कंपनीचा माणूस येऊन पाइप, स्टँड किंवा नळाचा जोड यांचे पैसे घेणार असेल तर हे वाक्य स्क्रिप्टमधून काढा. उत्साहाच्या भरात लिहिलेल्या अशा वाक्यांना टीप लावायची आठवण कुणालाच राहत नाही.

नो कॉस्ट ईएमआयची टीप कशी लिहायची?

ही ऑफर ३० सेकंदांच्या मिश्र व्हिडिओत न घेतलेली बरी. तिला तिचा वेगळा १५ सेकंदांचा व्हिडिओ द्या, कारण तिची टीप खरोखर समजावून सांगावी लागते. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांपासून रोखले. त्यामुळे व्याज लागतेच, फक्त दुकान किंवा कंपनी तेवढीच रक्कम सूट म्हणून आधी कमी करते. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८% जीएसटी लागतो आणि तो सहसा ग्राहकाच्या कार्डावर येतो. व्याज १,२५० रुपये धरले तर जीएसटी २२५ रुपये होतो. शिवाय बँकेची प्रक्रिया फी असू शकते.

म्हणून "शून्य व्याज", "एक रुपयाही जास्त नाही" ही बोली टाळा आणि टीप अशी लिहा: "*व्याजाएवढी सूट बिलात दिली जाते. व्याजावरील १८% जीएसटी आणि बँकेची प्रक्रिया फी ग्राहकाने भरायची." दुसऱ्या ओळीत कोणत्या बँकांची कार्डे, किमान खरेदी किती आणि किती महिन्यांचे हप्ते ते द्या. बँकेकडून आलेला मजकूर वेगळा असेल तर बँकेचा मजकूर धरा, पण मराठीत.

टीप इंग्रजीत ठेवली तर चालते का?

दावा मराठीत असेल तर टीपही मराठीतच हवी. कंपनीकडून आलेली इंग्रजी टीप तशीच खाली चिकटवली जाते, हा स्थानिक जाहिरातींतला सर्वांत नेहमीचा दोष आहे. २०२२ च्या सूचनांत टिपेची भाषा आणि अक्षरवळण दाव्यासारखेच असावे असे म्हटले आहे. मोठा मजकूर नक्षीदार सणासुदीच्या फॉन्टमध्ये असेल तर तोच फॉन्ट टिपेच्या आकारात गिचमिड होतो. अशा वेळी टिपेसाठी फॉन्ट बदलण्याऐवजी मोठा मजकूरच साध्या, जाड वळणाच्या फॉन्टमध्ये घ्या आणि नक्षी किनारीला ठेवा.

अक्षर किती मोठे हवे?

एएससीआयच्या सूचनांत किमान उंची दिली आहे: १०८० ओळींच्या एचडी चित्रात लहान अक्षराची उंची १८ पिक्सेल, ५७६ ओळींच्या साध्या चित्रात १२ पिक्सेल. हे माप इंग्रजीतल्या लहान लिपीच्या अक्षराचे आहे. देवनागरीसाठी शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची मोजा. वरची वेलांटी आणि खालचा उकार धरू नका.

पण १८ पिक्सेल म्हणजे टीव्हीवरची किमान मर्यादा, मोबाइलवर ती उपयोगाची नाही. आडवा १९२० पिक्सेलचा व्हिडिओ लोक फोन उभा धरूनच पाहतात. फोनच्या पडद्याची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर असते, म्हणजे १८ पिक्सेलचे अक्षर जेमतेम ०.६४ मिलिमीटर उरते. त्यात जोडाक्षर आले की संपलेच. "स्ट" आणि "ष्ट" यांत फरक कळत नाही, अनुस्वार पुसला जातो. मोबाइलसाठी अक्षराची उंची ३५ ते ४० पिक्सेल ठेवा, म्हणजे पडद्यावर ती सव्वा ते दीड मिलिमीटर होते.

एवढ्या उंचीला १९२० च्या रुंदीत एका ओळीत साधारण ५० अक्षरेच मावतात, त्यामुळे वर दिलेल्या टिपांच्या ओळी मोबाइलच्या आवृत्तीत कापाव्या लागतील. म्हणून टीप लिहितानाच दोन आवृत्त्या करा. पहिल्या टिपेची छोटी आवृत्ती अशी: "*४ मॉडेलच्या एमआरपीवर ४०%, ८ वर १०-३०%. / ४०% चे ६० नग. यादी दुकानात, वेबसाइटवर."

एक सावधगिरी: सॉफ्टवेअरमधला फॉन्टचा आकार म्हणजे अक्षराची उंची नव्हे. दोन देवनागरी फॉन्ट एकाच आकाराला ठेवले तरी अक्षरे लहानमोठी दिसतात. एक फ्रेम चित्र म्हणून बाहेर काढा आणि "क" ची उंची मोजा.

एडिटमध्ये मराठी अक्षरे तुटतात. का?

दोन कारणे असतात. पहिले, सॉफ्टवेअरचे मजकूर इंजिन लॅटिन लिपीवर ठेवलेले असते. त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि "ग्राहक" चे "ग् राहक" होते. प्रीमिअरमध्ये `Preferences > Graphics` आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये `Preferences > Type` इथे `South Asian and Middle Eastern` हा पर्याय निवडा आणि मजकूर नव्याने टाका. आधी टाकलेला मजकूर दर वेळी आपोआप सुधारत नाही.

दुसरे, मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून आलेला असतो. तो दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की अगम्य चिन्हे होतात. रूपांतर करून घेता येते, पण त्यात आकडे आणि टक्क्याचे चिन्ह बदलण्याचा धोका असतो. टीप दोन-चार ओळींचीच असते, ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणे सुरक्षित. ₹ चे चिन्ह जुन्या फॉन्टमध्ये नसतेच, त्याजागी चौकोन येतो. तेवढे तपासा किंवा सरळ "रु." लिहा.

टीप नेमकी कुठे ठेवायची?

दाव्याच्या लगेच खाली किंवा शेजारी. आडव्या व्हिडिओत टीप अगदी तळाला चिकटवू नका. स्थानिक केबलवर तळाला सरकत्या जाहिरातीची पट्टी येते आणि टिपेची दुसरी ओळ तिच्याखाली जाते. तळापासून शंभरेक पिक्सेल सोडा, आणि केबलवर द्यायचे असेल तर त्यांची पट्टी किती उंच असते ते विचारून घ्या.

उभ्या १०८० बाय १९२० च्या व्हिडिओत खाली खात्याचे नाव आणि मजकूर, उजवीकडे लाइक-शेअरची बटणे येतात. खालचे सुमारे ४०० आणि उजवीकडचे १५० पिक्सेल मोकळे ठेवा. आडवा व्हिडिओ नुसता कापून उभा केला तर टीप हमखास या पट्ट्यात सापडते. उभ्या आवृत्तीत ओळ आणखी आखूड होते, म्हणून १५ सेकंदांत एकच ऑफर घ्या. सहा सेकंदांच्या व्हिडिओत एका ओळीच्या टिपेपुरताच वेळ असतो. त्यात सटीप ऑफर न घेता सेलची तारीख आणि दुकानाचे नाव एवढेच द्या.

टिपेमागे एकरंगी, जवळजवळ अपारदर्शक पट्टी हवी. पणत्या, फटाके, जरीचे पडदे अशा चकाकत्या दृश्यांवर नुसती पांढरी अक्षरे एका शॉटमध्ये दिसतात आणि पुढच्यात हरवतात. टीप वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, म्हणजे खाली शॉट बदलले तरी ती हलत नाही.

तारखा कशा लिहायच्या? "स्टॉक संपेपर्यंत" चालेल का?

"दसरा ते भाऊबीज" ऐकायला छान वाटते आणि आवाजात ते जरूर ठेवा. पडद्यावर मात्र तारखा लिहा: "२० ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर", आणि टिपेत वर्षही. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतो, पुढच्या दिवाळीत कुणीतरी तो घेऊन दुकानात येतो. "साठा असेपर्यंत" ही तारखेला जोड आहे, तारखेला पर्याय नाही.

"शेवटचे दोन दिवस" हा व्हिडिओ खरोखर शेवटच्या दोन दिवसांतच चालवा. सेल पुढे वाढवला तर तो त्याच क्षणी उतरवा. खोटी घाई लावणे हा ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविषयीच्या, सूचनांत नावानिशी नोंदवलेला प्रकार आहे. फसव्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पाठवण्याआधी काय तपासायचे?

फाइल स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि आलेली प्रत पाहा, मूळ फाइल नको. दाबून आलेल्या व्हिडिओत सर्वांत आधी टीपच फुटते. फोन हातभर अंतरावर धरा, आवाज बंद करा आणि या कामाशी संबंध नसलेल्या माणसाला टीप मोठ्याने वाचायला सांगा. ती निघून जाण्याआधी त्याची शेवटच्या शब्दापर्यंत वाचून झाली पाहिजे. अडखळला तर वेळ वाढवण्याआधी शब्द कमी करा.

मग आकडे जुळवा: मोठा मजकूर, आवाज, टीप, दुकानातला फलक आणि बिलिंगच्या संगणकातली किंमत. यात बिलिंगची किंमत सर्वांत जास्त वेळा चुकते, कारण सूट सेलच्या पहिल्या सकाळी टाकली जाते. प्रत्येक टिपेची एक फ्रेम चित्र म्हणून काढून मालकाची लेखी मंजुरी घ्या, आणि ती ६० नग व १५० मिक्सर यांच्या साठा नोंदीसोबत ठेवा.

सेल चालू असताना मिक्सर संपले तर?

टिपेत "१५० मिक्सर, साठा असेपर्यंत" लिहिले आहे, म्हणून दावा खोटा ठरत नाही. पण व्हिडिओ चालू ठेवला तर येणाऱ्या प्रत्येकाला नकार द्यावा लागेल. म्हणून एडिटच्या वेळीच दुसऱ्या ऑफरशिवायची आवृत्ती काढून ठेवा: ० ते १३.५ सेकंदांचा भाग आणि शेवटचा भाग, मधला साडेनऊ सेकंदांचा तुकडा वगळून. ती २०.५ सेकंदांची होते. तिच्यासाठी संगीत वेगळे बसवा, नाहीतर जोडावर झटका ऐकू येतो. वीसेक मिक्सर उरले की दुकानातून एडिटरला फोन जायला हवा. तो कोणी करायचा ते सेलच्या आधी ठरवून ठेवा.